हॉर्मोन बरोबर, उत्तर चूक: ग्लायकोलिसिस आणि ग्लुकोनिओजेनेसिसच्या प्रश्नात नेमकं कुठे घसरतं?

सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत मी संध्याकाळी पहिल्या वर्षाच्या मेडिकलच्या मुलांना बायोकेमिस्ट्री शिकवते. दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास एक तक्रार हमखास येते. मुलं सांगतात, ‘मॅडम, इन्सुलिन म्हणजे जेवल्यानंतर, ग्लुकॅगॉन म्हणजे उपाशीपोटी, हे आम्हाला पाठ आहे. इन्सुलिन ग्लायकोलिसिस चालू करतं, ग्लुकॅगॉन ग्लुकोनिओजेनेसिस चालू करतं, हेही पाठ आहे. तरी एमसीक्यू चुकतोच.’ आणि तो खरंच चुकतो. एकदा नाही, त्याच धर्तीचा प्रश्न चार वेळा दिला तर चार वेळा.

गेल्या महिन्यात एका मुलीचा चुकलेला प्रश्न असा होता. रात्री जेवून सकाळपर्यंत काहीही न खाल्लेल्या निरोगी माणसाच्या लिव्हरमध्ये यांपैकी काय वाढलेलं असेल? पर्याय चार: फ्रुक्टोज-२,६-बिसफॉस्फेट, फॉस्फेट लागलेलं पीएफके-२, ग्लुकोकायनेजचं प्रमाण, आणि पायरुवेट कायनेजची सक्रियता. तिने पहिला पर्याय निवडला होता.

मी तिला उत्तर सांगितलं नाही. ‘वहीत बाण काढून दाखव, तू इथपर्यंत कशी आलीस,’ एवढंच म्हटलं. तिने लिहिलं: उपाशी, म्हणून ग्लुकॅगॉन वाढलं. त्यामुळे सायक्लिक एएमपी वाढलं. त्यामुळे प्रोटीन कायनेज ए जागं झालं. त्याने पीएफके-२ ला फॉस्फेट लावला. त्यामुळे पीएफके-२ चालू झालं. म्हणून फ्रुक्टोज-२,६ वाढलं.

सहा बाणांपैकी पहिले चार अगदी बरोबर आहेत. पाचवा चुकला आणि सहावा त्याच्या मागोमाग वाहवत गेला. म्हणजे हॉर्मोनचा तक्ता पुन्हा पाठ करून तिचा हा प्रश्न कधीच सुटला नसता, कारण हॉर्मोन तिला येतच होतं. ज्यांचा हा प्रश्न वारंवार चुकतो त्यांनी आधी हेच करावं. चुकलेल्या प्रश्नाखाली स्वतःचे बाण लिहून काढावेत आणि कोणता बाण मोडला ते शोधावं. माझ्या अनुभवात तो जवळजवळ नेहमी हॉर्मोन आणि एन्झाइम यांच्या मधेच मोडलेला असतो.

‘फॉस्फेट लागला म्हणजे एन्झाइम चालू’ हे डोक्यात येतं कुठून?

हा समज मुलं घरून घेऊन येत नाहीत, तो शिकवण्याच्या क्रमातून येतो. फॉस्फेट लावून एन्झाइमचं काम बदलतं, हे पहिल्यांदा ज्या उदाहरणावर शिकवलं जातं ते बहुतेक वेळा ग्लायकोजेन फॉस्फोरायलेज असतं. इतिहासातही तेच पहिलं. एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांनी १९५०च्या दशकात याच एन्झाइमवर काम करून फॉस्फेट लावण्या-काढण्याची युक्ती दाखवली आणि १९९२ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. या एन्झाइमला फॉस्फेट लागला की ते चालू होतं. विद्यार्थ्याच्या डोक्यात पहिलं उदाहरणच नियम होऊन बसतं, आणि पुढच्या प्रकरणात पीएफके-२ आलं की तोच नियम तिथे चिकटवला जातो.

खरा नियम वेगळा आहे. फॉस्फेट ‘चालू’ची खूण नाही, तो ‘उपाशी’ची खूण आहे. लिव्हरमध्ये ग्लुकॅगॉनच्या सांगण्यावरून ज्या ज्या एन्झाइमला फॉस्फेट लागतो, त्या त्या एन्झाइमचं वागणं लिव्हरमधून ग्लुकोज बाहेर पाठवण्याच्या दिशेने बदलतं. एखाद्या एन्झाइमचं काम त्या दिशेला मदत करणारं असेल तर ते फॉस्फेटने चालू होतं. काम त्या दिशेच्या आड येणारं असेल तर त्याच फॉस्फेटने ते बंद पडतं.

आता एकेक तपासून बघा. ग्लायकोजेन फोडणं म्हणजे ग्लुकोज मोकळं करणं, म्हणून फॉस्फोरायलेज चालू. ग्लायकोजेन बनवणं म्हणजे ग्लुकोज साठवून टाकणं, म्हणून ग्लायकोजेन सिंथेज बंद. लिव्हरमधलं पायरुवेट कायनेज ग्लायकोलिसिसची शेवटची पायरी चालवतं, म्हणजे ग्लुकोजपासून येणारा माल पायरुवेटमध्ये संपवतं, म्हणून तेही बंद. तिन्हींना फॉस्फेटच लागला आहे, पण एक चालू आणि दोन बंद. पाठ करायचा असेल तर हा प्रश्न पाठ करावा: या एन्झाइमच्या कामाने लिव्हरमधून ग्लुकोज बाहेर जायला मदत होते की अडथळा?

एक प्रोटीन, दोन टोकं

पीएफके-२ ची गोष्ट जरा निवांत समजून घ्यावी लागते, कारण इथे एक नाही, दोन एन्झाइमं एकाच प्रोटीनमध्ये आहेत. एका टोकाला पीएफके-२, म्हणजे फ्रुक्टोज-६-फॉस्फेटपासून फ्रुक्टोज-२,६-बिसफॉस्फेट बनवणारा भाग. दुसऱ्या टोकाला एफबीपीएज-२, म्हणजे तेच फ्रुक्टोज-२,६ मोडून पुन्हा फ्रुक्टोज-६-फॉस्फेट करणारा भाग. लिव्हरमधल्या या प्रोटीनवर एक विशिष्ट सेरीन आहे. उंदरातल्या प्रोटीनमध्ये त्याचा क्रमांक ३२ आहे. प्रोटीन कायनेज ए तिथे फॉस्फेट लावतं. तो एकच फॉस्फेट लागला की बनवणारं टोक मंदावतं आणि मोडणारं टोक जोमात येतं. फॉस्फेट काढला की उलट.

म्हणून ‘पीएफके-२ ला फॉस्फेट लागला तर काय होतं?’ याचं उत्तर एका शब्दात देताच येत नाही. कायनेजचं टोक बंद, फॉस्फेटेजचं टोक चालू. आणि या दोन्हींचा परिणाम एकाच दिशेला जातो: फ्रुक्टोज-२,६ घटतं. त्या मुलीचा पाचवा बाण इथे मोडला होता.

आता फ्रुक्टोज-२,६ घटल्याने काय बिघडतं? इथे दुसरी गफलत होते आणि ती नावांमुळे होते. फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फेट आणि फ्रुक्टोज-२,६-बिसफॉस्फेट हे कानाला सारखे लागतात, पण त्यांचं काम अगदी निराळं आहे. १,६ हा ग्लायकोलिसिसच्या रस्त्यावरून जाणारा माल आहे. पीएफके-१ तो बनवतं, पुढे त्याचे दोन तुकडे होतात, शेवटी पायरुवेट होतं. २,६ त्या रस्त्यावरून कुठेच जात नाही. अलका चौकात उभं राहिलं तर गाड्या वेगळ्या आणि सिग्नलचा दिवा वेगळा दिसतो. १,६ ही गाडी, २,६ हा दिवा. तो पेशीत मायक्रोमोलर पातळीवर, म्हणजे अगदी थोडा असतो, आणि तेवढाच पुरतो. बेल्जियममध्ये एमिल व्हान शाफ्टिंगेन आणि हेन्री-जेरी हेर्स यांच्या गटाने १९८० मध्ये तो शोधून काढला. ग्लुकॅगॉनमुळे लिव्हरमधलं ग्लायकोलिसिस का थांबतं, हे कोडं या रेणूने सोडवलं. ग्लायकोलिसिसच्या पायऱ्या त्याच्या कितीतरी आधी ठाऊक झाल्या होत्या.

हा दिवा एकाच वेळी दोन एन्झाइमांना दिसतो. पीएफके-१ ला तो हिरवा आहे. लिव्हरमध्ये एटीपी नेहमीच मुबलक असतं आणि एटीपी पीएफके-१ ला दाबून ठेवतं. २,६ नसेल तर पेशीतल्या नेहमीच्या एटीपीच्या पातळीला पीएफके-१ जवळपास निपचित पडलेलं असतं. २,६ आलं की तो दाब सुटतो आणि फ्रुक्टोज-६-फॉस्फेट पुढे सरकायला लागतं. उलट दिशेच्या, म्हणजे १,६ पासून परत फ्रुक्टोज-६-फॉस्फेट करणाऱ्या एफबीपीएज-१ ला हाच दिवा लाल आहे. २,६ असेपर्यंत ते अडलेलं राहतं.

त्यामुळे जेवल्यावर २,६ वाढलं तर ग्लायकोलिसिस मोकळं आणि ग्लुकोनिओजेनेसिस अडलेलं. उपाशीपोटी २,६ घटलं तर पीएफके-१ निपचित आणि एफबीपीएज-१ मोकळं. दोन वेगळ्या कळा दाबाव्या लागत नाहीत, म्हणून दोन्ही रस्ते एकदम उघडे राहत नाहीत. ते एकदम उघडे राहिले तर नुकसान किती, तेही एकदा मोजून पाहावं. एक ग्लुकोज पायरुवेटपर्यंत उतरवताना पदरात निव्वळ २ एटीपी पडतात. तेच दोन पायरुवेट परत ग्लुकोजपर्यंत चढवायला ४ एटीपी आणि २ जीटीपी, म्हणजे ६ लागतात. एक फेरी मारली की ४ गेले, आणि हातात पुन्हा तेच ग्लुकोज.

क्रमांकांचा गोंधळ कायमचा मिटवायला मी मुलांना एक साधी ओळ लिहायला लावते: शेवटी १ असलेली एन्झाइमं रस्त्यावर काम करतात, शेवटी २ असलेली दिवा लावतात-विझवतात. पीएफके-१ आणि एफबीपीएज-१ रस्त्यावर. पीएफके-२ आणि एफबीपीएज-२ दिव्याजवळ. प्रश्नात ‘फॉस्फोफ्रुक्टोकायनेज’ एवढंच लिहिलं असेल आणि क्रमांक नसेल, तर साधारणपणे पीएफके-१ च अभिप्रेत असतं. आणि इथे हेही ध्यानात ठेवायचं की लिव्हरमध्ये ग्लुकॅगॉनची आज्ञा पीएफके-१ पर्यंत दिव्यामार्फत पोचते. फॉस्फेट लागतो तो दिव्याजवळच्या एन्झाइमला.

प्रश्नातलं ‘उपाशी’ आणि आपला उपास

हा भाग इंग्रजी पुस्तकात सापडणार नाही, पण आपल्याकडच्या मुलांच्या बाबतीत मी तो तीनदा तरी पाहिला आहे. त्याच मुलीने विचारलं, ‘मॅडम, काल माझी संकष्टी होती. सकाळी नऊला साबुदाण्याची खिचडी खाल्ली, मग रात्री चंद्रोदयानंतर जेवले. मग दिवसभर माझं ग्लुकॅगॉन वाढलेलं होतं का?’

प्रश्न मला फार आवडला, कारण त्याचं उत्तर शोधताना सगळं प्रकरण उलगडतं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. सोबत बटाटा, म्हणजे आणखी स्टार्च. शेंगदाण्याच्या कुटाने पचन थोडं लांबतं इतकंच. अशी वाटीभर खिचडी खाल्ल्यावर अर्ध्या ते एका तासात रक्तातलं ग्लुकोज चढतं, स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्सुलिन सोडतात, अल्फा पेशींचं ग्लुकॅगॉन उतरतं. स्वादुपिंडाचं रक्त पोर्टल व्हेनने थेट लिव्हरकडे जातं, त्यामुळे ही बातमी सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठ्याने लिव्हरलाच ऐकू येते. तिथे इन्सुलिन सायक्लिक एएमपी मोडणाऱ्या फॉस्फोडायएस्टरेजला चेतवतं आणि फॉस्फेट काढणाऱ्या फॉस्फेटेजांना कामाला लावतं. त्या दोन टोकांच्या प्रोटीनवरचा फॉस्फेट निघतो, २,६ चढतं, ग्लायकोलिसिस मोकळं होतं. म्हणजे संकष्टीच्या दिवशी सकाळी दहा वाजता तिचं लिव्हर पोटभर जेवलेल्या माणसाचंच होतं.

मग उपाशीपणा कधी लागला? खिचडी खाऊन साधारण तीन-चार तास झाल्यावर, म्हणजे दुपारी एकच्या आसपास, आतड्यातून येणारं ग्लुकोज आटायला लागलं. मग इन्सुलिन उतरलं, ग्लुकॅगॉनचा वाटा वाढला. दुपारी तिने केळं खाल्लं असतं तर पुन्हा उलट झालं असतं. केळं खाल्लं नाही म्हणून संध्याकाळपर्यंत लिव्हर प्रामुख्याने साठवलेलं ग्लायकोजेन फोडून ग्लुकोज पुरवत राहिलं.

प्रश्नपत्रिकेतलं ‘फास्टिंग’ म्हणजे काहीही पोटात नाही. पॅथॉलॉजी लॅबमध्ये फास्टिंग शुगरसाठी सांगतात तसं: किमान आठ तास पाण्याशिवाय काही नाही. आणि तिथेही तास मोजावेच लागतात. रात्री नऊला जेवलेला माणूस सकाळी नऊला, म्हणजे बारा तासांनी, ग्लायकोजेन फोडत असतो आणि सोबत ग्लुकोनिओजेनेसिसही चांगलंच चालू असतं. दोन्हींचा वाटा त्या सुमारास जवळपास बरोबरीचा असतो. चोवीस तासांच्या आसपास लिव्हरचं ग्लायकोजेन जवळजवळ संपतं आणि मग ग्लुकोनिओजेनेसिसवरच भिस्त राहते. म्हणून ‘सहा तास उपाशी, ग्लुकोज मुख्यतः कुठून?’ आणि ‘तीस तास उपाशी, ग्लुकोज मुख्यतः कुठून?’ यांची उत्तरं वेगळी आहेत, जरी हॉर्मोन दोन्हीकडे ग्लुकॅगॉनच असलं तरी. हॉर्मोन पाठ असून गुण जातात ते अशा ठिकाणी.

रक्तात साखर भरपूर, लिव्हर तरी उपाशी

याच्या उलट टोकाचा प्रश्न म्हणजे टाइप १ डायबेटिस. इन्सुलिनची इंजेक्शनं दोन दिवस चुकलेला मुलगा, रक्तातली साखर ४२० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. त्याच्या लिव्हरमध्ये कोणता रस्ता चालू? निम्म्याहून अधिक मुलं ग्लायकोलिसिस लिहितात. साखर एवढी आहे, मग ती वापरलीच जाणार, असा त्यांचा विचार.

पण या दोन टोकांच्या प्रोटीनवरचा फॉस्फेट रक्तातली साखर बघून लागत नाही, हॉर्मोनचा तोल बघून लागतो. त्या मुलाच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ नाही, आणि ग्लुकॅगॉनला आवर घालणारं कुणी नाही. लिव्हरला ऐकू येणारी बातमी तीच, तीस तास उपाशी असलेल्या माणसाची. फॉस्फेट लागलेला, २,६ घटलेलं, पायरुवेट कायनेज बंद, ग्लुकोनिओजेनेसिस चालू. आधीच ४२० असलेल्या रक्तात लिव्हर आणखी ग्लुकोज ओतत राहतं. म्हणून प्रश्नात शुगरचा आकडा दिला असेल तर त्याच्याकडे बघून रस्ता ठरवू नका. आधी विचारा, इन्सुलिन आहे का?

याच कारणाने ‘कोणतं हॉर्मोन’ या प्रश्नाचं नेमकं उत्तर बरेचदा एका हॉर्मोनचं नसून दोघांच्या प्रमाणाचं असतं. निव्वळ प्रथिनांचं जेवण घेतलं तर इन्सुलिन आणि ग्लुकॅगॉन दोन्ही वाढतात. इन्सुलिन अमिनो आम्लं पेशींत घेतं, आणि ग्लुकॅगॉन लिव्हरकडून ग्लुकोज सोडवून साखर घसरू देत नाही.

लिव्हर सोडून दुसरीकडे गेलात तर

वर सांगितलेला सगळा नियम लिव्हरचा आहे. प्रश्नात टिश्यू बदलला की तो उलटूही शकतो, म्हणून प्रश्न वाचताना ‘हेपॅटोसाइट’, ‘स्केलेटल मसल’, ‘मायोकार्डियम’ असा शब्द दिसला की त्याखाली रेघ मारावी.

सिंहगड चढताना दम लागला, अॅड्रेनालिन सुटलं. अॅड्रेनालिन लिव्हरमध्येही सायक्लिक एएमपी वाढवतं, तिथे ग्लायकोलिसिस मंदावतं आणि ग्लुकोज बाहेर जातं. मांडीच्या स्नायूतही ते सायक्लिक एएमपी वाढवतं, ग्लायकोजेन फुटतं, पण तिथे ग्लायकोलिसिस वेगाने धावतं. स्नायूतल्या पीएफके-२ च्या प्रकाराला प्रोटीन कायनेज ए फॉस्फेट लावतं ती जागाच नाही, आणि स्नायूतलं पायरुवेट कायनेजही वेगळ्या प्रकारचं आहे, लिव्हरसारखं फॉस्फेटने बंद पडत नाही. स्नायूत ग्लुकोज-६-फॉस्फेटेजही नाही, त्यामुळे त्याला ग्लुकोज रक्तात सोडता येत नाही. ते स्वतःसाठीच जाळतं. तेच हॉर्मोन, तोच सायक्लिक एएमपी, आणि दोन टिश्यूंत उलटे परिणाम. लिव्हर इतरांना पोसतं, स्नायू स्वतःला.

हृदयात तर फॉस्फेटचा अर्थच फिरतो. तिथल्या दोन टोकांच्या प्रोटीनला फॉस्फेट दुसऱ्या टोकाजवळ लागतो आणि त्याने बनवणारं टोक चालू होतं. २,६ वाढतं, ग्लायकोलिसिस वाढतं. म्हणून मघाचा ‘फॉस्फेट म्हणजे उपाशी’ हा नियम हृदयाला लावला तर खात्रीने चुकेल.

ग्लुकॅगॉनच्या बाबतीत अजून सोपं आहे. स्केलेटल मसलवर त्याला काम करायला रिसेप्टर जवळपास नाहीतच. ‘ग्लुकॅगॉनमुळे स्नायूत ग्लायकोलिसिस थांबतं’ असा पर्याय दिसला तर तो तसाच सोडून द्यावा. आणि तांबड्या रक्तपेशी हॉर्मोनची वाट न बघता दिवसरात्र ग्लायकोलिसिसच करत असतात, उपाशी माणसातसुद्धा. त्यांच्याकडे मायटोकॉन्ड्रिया नाहीत, दुसरा मार्गच नाही. त्यांचं लॅक्टेट लिव्हरकडे जातं आणि तिथे त्याचं पुन्हा ग्लुकोज होतं. म्हणून ‘उपाशीपोटी ग्लायकोलिसिस बंद’ हे वाक्य अपुरं आहे. ‘लिव्हरमधलं’ हा शब्द त्यात लिहायलाच हवा.

मिनिटांचा बदल आणि तासांचा बदल

एक शेवटची जागा जिथे बाण मोडतो. पेपकायनेजला, म्हणजे ग्लुकोनिओजेनेसिसमधल्या पीईपी कार्बोक्सिकायनेजला, कुणी फॉस्फेट लावून चालू करत नाही. ग्लुकॅगॉन ते वाढवतं, पण जीनच्या मार्गाने: प्रोटीन कायनेज ए क्रेब नावाच्या, जीन चालू करणाऱ्या प्रोटीनला फॉस्फेट लावतं, क्रेब डीएनएवर बसून पेपकायनेजचा जीन वाचायला लावतं, आणि एन्झाइमचं प्रमाणच वाढतं. याला तास लागतात. इन्सुलिन तो जीन दाबतं. ग्लुकोकायनेजचं उलट: इन्सुलिनमुळे त्याचं प्रमाण वाढतं, उपाशीपोटी घटतं. म्हणजे प्रश्नात ‘काही मिनिटांत’ असेल तर फॉस्फेटचं उत्तर शोधा, ‘एक-दोन दिवसांनी’ असेल तर जीनचं. पायरुवेट कार्बोक्सिलेज या दोन्हींत बसत नाही. ते असेटिल-कोएने जागं होतं. उपाशीपोटी चरबी जळून लिव्हरमध्ये असेटिल-कोए साचतं, आणि तेच ग्लुकोनिओजेनेसिसची पहिली पायरी उघडतं.

हॉर्मोनचं ऐकून लिव्हर रस्ता उघडतं, पण रस्त्यावर माल हवा, हेही विसरू नये. रिकाम्या पोटी भरपूर दारू घेतलेल्या माणसाचं ग्लुकॅगॉन वाढलेलं असतं, फॉस्फेट लागलेले असतात, तरी साखर घसरते. कारण दारू जाळताना एनएडीएच साचतं आणि पायरुवेट लॅक्टेटकडे ढकललं जातं. अशा प्रश्नात हॉर्मोन बरोबर सांगून भागत नाही.

तोच प्रश्न पुन्हा

हे सगळं झाल्यावर मी तिला पहिला प्रश्न परत दिला. तिने आधी ‘लिव्हर’खाली रेघ मारली. मग लिहिलं, बारा तास, काही खाल्लेलं नाही, इन्सुलिन कमी, ग्लुकॅगॉन जास्त. फॉस्फेट लागणार. २,६ घटणार, म्हणून पहिला पर्याय गेला. ग्लुकोकायनेजला इन्सुलिन लागतं, म्हणून तिसरा गेला. पायरुवेट कायनेज ग्लुकोजच्या बाहेर जाण्याच्या आड येतं, म्हणून फॉस्फेटने बंद, चौथा गेला. उरलं फॉस्फेट लागलेलं पीएफके-२. दुसरा पर्याय.

मग मी तिला एक नवा प्रश्न घातला, जो कुठल्याही तक्त्यात नाही. समजा एखाद्याच्या लिव्हरमधल्या त्या प्रोटीनवरचं सेरीन बदलून तिथे अॅलॅनिन आलं, म्हणजे फॉस्फेट लागायला जागाच नाही. तो माणूस रात्रभर उपाशी राहिला तर?

ती थोडा वेळ वहीकडे बघत राहिली. मग बाण काढत म्हणाली, ‘ग्लुकॅगॉन वाढेल. सायक्लिक एएमपी वाढेल. पण बनवणारं टोक बंद पडणार नाही. २,६ चढलेलंच राहील. पीएफके-१ मोकळं, एफबीपीएज-१ अडलेलं.’

‘आणि पायरुवेट कायनेज?’

‘त्याला फॉस्फेट लागेलच, ते वेगळं प्रोटीन आहे. पेपकायनेजही वाढेल.’ जरा थांबून ती म्हणाली, ‘म्हणजे खालून माल वर चढेल, पण १,६ पाशी अडेल. ग्लायकोजेन आहे तोवर साखर टिकेल, ते संपलं की घसरेल.’

हे तिला मी सांगितलं नव्हतं. तिने दुसऱ्या दिवशी वहीत त्याच पानावर तास लिहून आणले: बारा तासांना काय, चोवीस तासांना काय.